मायावतीची वही

प्रश्न: सर, आपल्या तारांगणाच्या घुमटाखाली प्रेक्षक थक्क होतात आणि बाहेर गच्चीवर आले की दहा मिनिटांत कंटाळतात. खरे सांगायचे तर आमचेही तसेच होते. तुम्ही नेहमी म्हणता, "धीराने पाहा." पण धीराने पाहायचे म्हणजे उभे राहून नेमके काय करायचे? आज तुमच्या निरोपाच्या दिवशी तेवढे एकच सांगाल का?

मुलांनो, निरोपाच्या भाषणासाठी मी चार कागद लिहून आणले होते. ते खिशातच राहू देतो, कारण हा प्रश्न त्या कागदांपेक्षा बरा आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे एका जुन्या वहीत आहे. वही मायावतीची आहे. मायावती म्हणजे ययाति तारकासमूहातला तो तारा, ज्याला अरबी खगोलविदांनी राक्षसाचे मस्तक म्हटले आणि ज्याचे अल्गोल हे नाव आज जगभर चालते.

आधी आपल्या घुमटाविषयी एक कबुली देतो. आपल्या प्रक्षेपकातली मायावती कधीही मंद होत नाही. इतकी वर्षे मी नियंत्रण टेबलापाशी बसून संध्याकाळचा उजेड मावळवला, तारे उगवले, अख्खी रात्र बारा मिनिटांत पश्चिमेला नेली, आणि दर खेळात ययातीच्या हातातला तो ठिपका तितक्याच तेजाने चकाकत राहिला. प्रेक्षकांना आश्चर्य वाटते ते आपण काळ दाबून लहान केल्यामुळे. बाहेर आल्यावर तोच काळ मूळ लांबीचा होतो, समोर काहीच हलत नाही, आणि पाहणाऱ्याच्या हाताला काम नसते. कंटाळा येतो तो तिथे. म्हणून धीर ही मनाची वृत्ती आहे असे मी तुम्हांला सांगणार नाही. मी ज्याला धीर म्हणतो ते एक काम आहे : एक तारा निवडायचा, त्याचे दोन-तीन शेजारी ठरवायचे, दर वीस मिनिटांनी तुलना करायची आणि आकडा लिहायचा. या कामासाठी दुर्बीण लागत नाही. मायावतीच्या बाबतीत तर डोळे, घड्याळ, पेन्सिल आणि लाल कागद गुंडाळलेली बॅटरी एवढे पुरते.

मायावती हा रूपविकारी तारा आहे. बहुतेक वेळ तिचे तेज २.१ प्रतीचे असते. तुम्हांला ठाऊकच आहे की प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ती मंदावत जाऊन ३.४ प्रतीपर्यंत उतरते, म्हणजे तिचा जवळजवळ एकतृतीयांश उजेडच आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि मग ती पुन्हा पूर्ववत होते. हे सारे सुमारे दहा तास चालते, पण डोळ्याला जाणवण्याजोगा फरक मधल्या पाच-सहा तासांतच होतो. कारण असे की तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, आणि मोठा, थंड, नारिंगी तारा लहान पण फार तेजस्वी अशा निळसर ताऱ्याच्या आड येतो. आपल्यापासून सुमारे नव्वद प्रकाशवर्षांवर लागणारे हे ग्रहण पणजीच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी कळते. उलट बाजूचे, म्हणजे निळसर तारा नारिंगी ताऱ्यापुढे येतो तेव्हाचे ग्रहण मात्र इतके उथळ असते की डोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

ती शोधायची कशी हे तुमच्यापैकी जुन्यांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो. उत्तरेकडे शर्मिष्ठेचा एम पाहा आणि पूर्वेकडे कृत्तिकांचा झुबका पाहा. या दोहोंच्या मध्ये ययाति पसरलेला आहे आणि त्यातला सर्वांत तेजस्वी तारा मिरफाक. मिरफाक, देवयानीच्या टोकाचा आल्माक आणि मायावती यांचा एक पसरट त्रिकोण होतो. आपण साडेपंधरा अक्षांशावर आहोत, त्यामुळे ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यातच अडकलेला असतो, पण मायावती मध्यमंडलावर, म्हणजे तिच्या वाटेतल्या सर्वांत उंच जागी, आली की उत्तरेकडे चांगली चौसष्ट अंश वर असते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ती मध्यरात्रीच्या सुमारास तिथे पोहोचते, डिसेंबरात रात्री साडेदहाच्या आगेमागे, आणि जानेवारीत जेवणाच्या वेळेला. पावसाळा तर आपल्याकडे आकाश बंदच करतो. तेव्हा मायावतीचा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच धरा.

आता तुलना. "आज जरा मंद वाटते" हे वाक्य वहीत लिहायचे नाही, कारण त्यातून नंतर काहीही काढता येत नाही. शेजारी ठरलेले आहेत : आल्माक २.१, ययातीमधला डेल्टा ३.०, आणि त्रिकोण या छोट्या समूहाच्या टोकाचा तारा ३.४. मायावती आल्माकपेक्षा मंद आणि डेल्टापेक्षा तेजस्वी दिसत असेल, तर त्या दोघांमधल्या अंतराचे मनात दहा भाग करायचे आणि ती आल्माकपासून किती भाग खाली आहे ते ठरवायचे. तीन भाग खाली असेल तर दहा भागांचे अंतर ०.९, त्याचे तीन भाग ०.२७, म्हणून मायावती २.४. हे गणित गच्चीवर करू नका. तिथे फक्त "आल्माक तीन, डेल्टा सात" एवढे आणि वेळ लिहा. गणित घरी. अंधारात आकडेमोड करायला बसले की पुढची नोंद नकळत मागच्या आकड्याशी जुळवली जाते.

हे सगळे इतके सरळ वाटते की त्यात चूक कुठे होणार, असे मलाही वाटायचे. म्हणून एक रात्र सांगतो, माझ्याच चुकीची.

ऑक्टोबरचा मध्य होता. त्या वर्षीच्या स्वयंसेवकांना मायावतीचे ग्रहण दाखवायचे मी ठरवले. वेळापत्रकात किमान तेजाची वेळ वीस वाजता अशी दिली होती. मी मुलांना रात्री आठला गच्चीवर जमायला सांगितले आणि वर हेही सांगून ठेवले की आज आठ वाजता मायावती सर्वांत मंद असेल. वेळापत्रकातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत होती आणि तीत साडेपाच तास मिळवायचे असतात, हे मी विसरलो. म्हणजे खरे किमान रात्री दीड वाजता होते. आठ वाजता मायावती पूर्ण तेजात होती.

नऊ मुले होती. त्यांतल्या सहांनी लिहिले की मायावती आल्माकपेक्षा स्पष्टच मंद आहे, काहींनी तर डेल्टाएवढी. दोघांनी कोरी जागा ठेवली. मी खूश झालो, सगळ्यांना चहा पाजला आणि साडेनऊला गच्ची बंद केली.

दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली तेव्हा माझ्या मनात पहिले आले ते असे, की मी वेळ सांगितली म्हणून मुलांनी मला खूश करायला तसे लिहिले. ते अर्धेच खरे होते. नोंदी पुन्हा पाहताना एका मुलीच्या पानावर थांबलो. ती फोंड्याहून यायची आणि शेवटच्या बससाठी सदा घाईत असायची. तिने लिहिले होते : "मायावती आल्माकपेक्षा बरीच मंद. पण मिरफाकही मंद. डेल्टा जेमतेम दिसतो. ययातीचे सगळेच तारे आज मंद." आणि खाली, घरी पोहोचल्यावर अंगणातून, साडेदहाची नोंद होती : "मिरफाक नेहमीसारखा. मायावती आल्माकच्या किंचित खाली."

तिने जे पाहिले ते बरोबर होते, आणि त्या सहांनी पाहिले तेही खोटे नव्हते. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री आठला मायावती ईशान्येला क्षितिजापासून जेमतेम दहा-बारा अंश वर असते. आल्माक तिच्या आधी उगवतो, तो त्या वेळी वीस अंशांच्या पुढे गेलेला असतो. खालच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या कितीतरी जाड थरातून येतो, आणि पाऊस नुकताच संपलेला असताना आपल्याकडच्या दमट हवेत त्या जास्तीच्या थरामुळे अर्ध्या प्रतीहून अधिक फरक सहज पडतो. मुलांना मायावती खरोखरच मंद दिसत होती. तिच्या आड कोणी आलेले नव्हते, आपलीच हवा आड आली होती. मी वेळ आधी सांगून बसलो होतो, म्हणून कोणी दुसरे कारण शोधायला गेले नाही. फोंड्याच्या मुलीने शेजाऱ्यांकडे पाहिले आणि त्यांच्याबद्दल लिहिले, एवढाच तिच्यात आणि इतरांत फरक.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. मायावती तीस अंशांच्या वर आल्याशिवाय नोंद धरायची नाही, आणि तारा मंद वाटला की आधी त्याच्या उंचीवरचा दुसरा तारा पाहायचा. ग्रहण असेल तर एकटी मायावती खाली जाते. हवा असेल तर सगळी गल्ली खाली जाते, आणि तारे वर चढू लागले की सगळीच पुन्हा उजळते. डोळ्यांनी हा फरक करायला अर्धा तास लागतो, त्याहून लवकर तो होत नाही.

तिसरी गोष्ट आम्ही पाकिटांची सुरू केली. किमान तेजाची वेळ एकाने काढायची, पाकिटात बंद करायची, आणि त्या रात्री त्या माणसाने नोंदी करायच्या नाहीत. बाकीच्यांना "आज रात्री केव्हातरी" एवढेच सांगायचे. कधी कधी पाकिटात "आज काही नाही" असाही कागद असतो, आणि त्या रात्री कोणाच्या वहीत खड्डा उमटला तर त्याची खूप थट्टा होते. थट्टा होऊ द्या. माझीही झाली आहे.

आता चूक कशी भरून निघाली ते सांगतो. मायावतीची फेरी तीन दिवसांना तीन तास अकरा मिनिटे कमी आहे. म्हणून एका रात्री दीडला किमान असेल, तर तिसऱ्या रात्री ते १० वाजून १९ मिनिटांनी येते, आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरात मायावती नीट वर येण्याआधीच. एकदा ही मालिका निसटली की बराच काळ थांबावे लागते. तिसऱ्या रात्री आम्ही पुन्हा जमलो. चांदणे होते, पण दोन-तीन प्रतीच्या ताऱ्यांची तुलना चांदण्यातही होते. उतरणीच्या सुरुवातीच्या नोंदी मायावती खाली असल्यामुळे कच्च्या होत्या, तरी नोंदींवरून किमान १० वाजून २५ मिनिटांच्या सुमारास निघाले.

पुढची सोयीची संधी वीस दिवसांनी होती, आणि ती नेमकी नरकासुराच्या रात्री आली. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुराचे पुतळे उभारतात, पोरे रात्रभर जागतात आणि पहाटे त्याचे दहन होते. चंद्र नसतो, म्हणजे आकाश काळेभोर मिळायला हवे, पण प्रत्येक वाड्यावर दिव्यांचा झगमगाट आणि कर्ण्यांचा गदारोळ. पणजीची गच्ची त्या रात्री निरुपयोगी होती. मांडवीवरच्या कॅसिनोंचा उजेड तर रोजचाच. म्हणून आम्ही डिचोलीकडे एका गावाच्या वरच्या सड्यावर गेलो. घरी विचारले तर पोरांना सांगायला नरकासुराचे आयते निमित्त होते.

सड्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटे मी कोणाला काही लिहू दिले नाही. डोळा अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो, आणि एकाने मोबाइल उघडला की त्याच्या शेजारच्याचाही सराव मोडतो. त्यानंतर दर वीस मिनिटांनी नोंद, एकमेकांना न विचारता, एकमेकांकडे पाठ करून. दहाच्या आधी मायावती आल्माकच्या जरा खाली होती. साडेदहानंतर डेल्टाच्या जवळ आली. अकरानंतर डेल्टाच्या खाली. मध्यरात्रीच्या आसपास ती त्रिकोणाच्या टोकाइतकी झाली आणि तिथेच रेंगाळली, म्हणजे तसे वाटले.

इथे एक युक्ती आहे, ती नीट समजून घ्या. किमान तेजाचा क्षण थेट पाहून सांगता येत नाही, कारण तळाशी तेज फार हळू बदलते आणि डोळ्याची चूक एक-दोन दशांश प्रतीची असतेच. मध्यरात्री, पावणेबाराला की सव्वाबाराला, तिन्ही वेळा मायावती सारखीच दिसते. उतारावर आणि चढावर मात्र तेज झपाट्याने बदलते, तिथे वेळ चांगली पकडता येते. म्हणून उतरताना ज्या तेजाला तारा ज्या वेळी होता, चढताना तो पुन्हा त्याच तेजाला केव्हा आला ते काढायचे आणि दोन्ही वेळांचा मध्य घ्यायचा. सर्वांच्या नोंदी आलेखावर मांडल्या तेव्हा मायावती उतरताना २.८ प्रतीवर १० वाजून २० मिनिटांनी होती आणि चढताना १ वाजून ४५ मिनिटांनी. मध्य येतो १२ वाजून अडीच मिनिटे. ३.१ प्रतीवर ती ११ वाजून ५ मिनिटांनी आणि १ वाजून ५ मिनिटांनी होती. मध्य १२ वाजून ५. दोहोंची सरासरी १२ वाजून ४ मिनिटे धरली. पाकीट उघडले तेव्हा आत १२ वाजून २ मिनिटे लिहिलेले होते.

पण मला त्या रात्रीचे मोल वाटते ते त्यानंतरच्या भागाकारामुळे. आमच्या दोन किमानांमधले अंतर २० दिवस १ तास ३९ मिनिटे होते, म्हणजे ४८१ तास ३९ मिनिटे. मध्ये फेऱ्या किती झाल्या असतील? सहा धरल्या तर एक फेरी ऐंशी तासांची होते, आठ धरल्या तर साठ तासांची, आणि मायावती जवळजवळ तीन दिवसांनी परतते हे तर माहीत होते, म्हणून सातच. सातांनी भागले की ६८ तास ४८ मिनिटे, म्हणजे २ दिवस २० तास ४८ मिनिटे. मनगटावरची घड्याळे, नुसते डोळे, खाली वाड्यावर वाजणारे कर्णे, आणि आकडा एका मिनिटाच्या अंतरावर. प्रत्येक किमानाच्या वेळेत आमची चूक दहा मिनिटांची असू शकते, पण ती चूक सात फेऱ्यांत वाटली जाते. अंतर वाढवत नेले, एका मोसमाऐवजी दोन मोसमांची किमाने घेतली, तर तीच चूक आणखी लहान होते. यात नशिबाचाही हात होता हे मी मान्य करतो. पुढच्या वर्षी त्याच रीतीने आमचा आकडा चार मिनिटांनी चुकला.

भागाकार झाला तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते आणि मायावती पुन्हा आल्माकएवढी झाली होती. ती मंद होताना आमच्यापैकी कोणीही पाहिले नव्हते. प्रत्येक वेळी वर पाहिले तेव्हा ती स्थिरच होती. एक मुलगा वहीतला स्तंभ बोटाने वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचत बसला होता, आणि खाली गावात नरकासुर पेटला तरी त्याने मान वर केली नाही. घुमटाखाली मी हजारो लोकांचे "अहाहा" ऐकले आहेत. त्या मुलाच्या तोंडून काही निघाले नाही.

हे काम आपल्याआधी कोणी केले तेही ऐका. सतराव्या शतकात इटलीतल्या मोंतानारीने मायावतीचे तेज बदलते असे नोंदवले होते, पण ते केव्हा आणि किती नियमाने बदलते हे पाहायला तो चिकटून राहिला नाही. ते केले इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकने. १७८२ च्या नोव्हेंबरात त्याने मायावती मंद झालेली पाहिली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि लहानपणापासून त्याला ऐकू येत नव्हते. शेजारी राहणाऱ्या एडवर्ड पिगटबरोबर त्याने हिवाळाभर नोंदी केल्या आणि १७८३ च्या मे महिन्यात फेरीचा काळ जाहीर केला : २ दिवस २० तास ४५ मिनिटे. आजच्या आकड्याशी फरक चार मिनिटांचा, म्हणजे आमच्या दुसऱ्या वर्षाइतका. त्याने कारणही सुचवले की एखादे मोठे अंधारे पिंड ताऱ्याभोवती फिरत असावे, आणि सोबत दुसरी शक्यता ठेवली की ताऱ्यावर डाग असतील. त्याच वर्षी त्याला कोप्ले पदक मिळाले. १७८६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याची पहिली कल्पना बरोबर होती हे १८८९ मध्ये जर्मनीतल्या फोगेलने ताऱ्याच्या वर्णपटावरून दाखवले, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. गुडरिकची गोष्ट सांगताना लोक त्याच्या वयाकडे आणि बहिरेपणाकडे पाहतात. मी तुम्हांला त्याने दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या त्याकडे पाहायला सांगतो. जे त्याच्या नोंदींवरून ठरत नव्हते ते त्याने ठरवून टाकले नाही.

माझी आणखी एक चूक सांगून ठेवतो, कारण नवी मुले ती हमखास करतात. मायावतीच्या अगदी जवळ ऱ्हो नावाचा तांबूस तारा आहे. जवळ आहे, तुलनेला सोयीचा आहे, म्हणून मी सुरुवातीला एक आख्खा मोसम तोच शेजारी धरून नोंदी केल्या. आकडे काही केल्या जुळेनात. पुढे कळले की ऱ्हो स्वतःच रूपविकारी आहे आणि साधारण ३.३ ते ४.० प्रतीच्या दरम्यान खालीवर होत असतो. चालत्या बोटीला दोर बांधून दुसऱ्या बोटीचे अंतर मोजण्यासारखा तो उद्योग होता, आणि मोसमभराची वही रद्द झाली. शिवाय लाल ताऱ्यांबाबत डोळा दगा देतो. लालसर ताऱ्याकडे एकटक पाहत राहिले तर तो हळूहळू अधिक तेजस्वी वाटू लागतो. म्हणून तुलना करताना खिळून पाहायचे नाही. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून पहिल्याकडे, झटपट दोन-तीन फेऱ्या, आणि लिहून मोकळे व्हायचे. धीराने पाहायचे म्हणजे टक लावून पाहायचे असे कोणी सांगितले तर ऐकू नका. एका नोंदीला अर्धे मिनिट पुरते, धीर लागतो तो पुढची नोंद येईपर्यंतच्या साडेएकोणीस मिनिटांना.

गच्चीवर येणाऱ्या प्रेक्षकांचे काय, हाही तुमच्या प्रश्नाचा भाग आहे. त्यांना मायावतीचे ग्रहण आपण दाखवू शकत नाही. ते पाऊण तास थांबतात आणि तेवढ्यात तळाशी काहीच घडत नाही. मी शेवटच्या काही वर्षांत एवढेच करत आलो की येताना प्रत्येकाच्या हातात तीन ताऱ्यांचा एक छोटा नकाशा द्यायचा, त्यांच्याकडून एक नोंद करून घ्यायची, आणि सांगायचे की झोपण्यापूर्वी घरून आणखी एक करा. दहांतला एखादाच करतो. म्हापशाच्या एका आजींनी मात्र सलग अकरा रात्रींच्या नोंदी पाठवल्या. नऊ रात्री "आल्माकएवढी", एका रात्री "डेल्टाएवढी", आणि एका रात्री "नातवंडे आली, पाहिले नाही." इतकी प्रामाणिक नोंद मी तज्ज्ञांच्या वहीतही क्वचित पाहिली आहे. "पाहिले नाही" असे लिहायला शिका. रिकाम्या रात्री नंतर अंदाजाने भरल्या की आख्खा आलेख खोटा होतो, आणि कोणती रात्र खोटी हे पुढे तुम्हांलाही आठवत नाही.

वही ग्रंथालयाच्या कपाटात, खालच्या खणात आहे. पहिल्या पानावर शेजाऱ्यांच्या प्रती आहेत. ऱ्होवर लाल काट मारलेली आहे. या मोसमाची नऊ पाकिटे मी काल रात्री बंद केली, वेळा भारतीय प्रमाणवेळेत काढल्या आहेत आणि दोनदा तपासल्या आहेत. त्यांतल्या दोन पाकिटांत किमान नाही. पाकिटे कोणाकडे राहतील ते आज चहाच्या वेळी तुम्हीच ठरवा. ज्याच्याकडे राहतील त्याला या मोसमात नोंदी करता येणार नाहीत, म्हणून शक्यतो डोळ्यांना चष्मा नुकताच लागलेला कोणी निवडा. मीही ऑक्टोबरात, पाकिटांतल्या रात्री सोडून, घरच्या अंगणातून नोंदी करणार आहे. त्या मी तुम्हांला फेब्रुवारीत पाठवीन, त्याआधी विचारू नका.